नवस, पुण्याई आणि रोमची प्रार्थना

नागपुरात 'सेमिनरी हिल' म्हटले की बहुतेकांना बालोद्यान आठवते, जपानी गार्डन आठवते, सकाळी फिरायला येणारी माणसे आठवतात. टेकडीला ज्या संस्थेमुळे हे नाव पडले ती सेंट चार्ल्स सेमिनरी, म्हणजे कॅथलिक धर्मगुरू घडवणारे विद्यालय, आजही तिथेच आहे. पण 'सेमिनारियुम' या लॅटिन शब्दाचा जुना अर्थ धर्मगुरूंशी संबंध ठेवत नाही. शेतीवर लिहिणाऱ्या कातोच्या ग्रंथात तो शब्द रोपवाटिकेसाठी येतो. झाडांची रोपे जिथे वाढवायची ती जागा म्हणजे सेमिनारियुम. १५६३ साली ट्रेंटच्या धर्मसभेने प्रत्येक बिशपाने आपल्या भागात भावी धर्मगुरूंसाठी अशी एक जागा करावी असे ठरवले आणि शब्दाची दिशा बदलली. आता समजा, ही पार्श्वभूमी नसलेल्या एखाद्या चांगल्या लॅटिनज्ञाने टेकडीच्या नावाचा 'रोपवाटिकेची टेकडी' असा अनुवाद केला, तर कुणाला शंका येईल? झाडी आहे, वनखात्याचे बालोद्यान आहे. अर्थ अगदी चपखल बसतो आणि तरीही चुकीचा असतो.

मिस्साच्या लॅटिन प्रार्थनांचा अनुवाद मराठीत करताना हाच धोका पावलोपावली असतो, आणि तो इंग्रजीपेक्षा मराठीत जास्त असतो, असे माझे म्हणणे आहे. अभिजात लॅटिनचा अर्थ घेऊन वाक्य निरर्थक झाले तर काही बिघडत नाही, अनुवादक थांबतो आणि पुन्हा शोधतो. बिघडते ते जुना अर्थ नीट बसला की. मराठीत तो फार वेळा नीट बसतो, कारण जुन्या रोमन धर्मव्यवहाराला लागणारे शब्द आपल्याकडे अजून रोजच्या वापरात आहेत. देवाशी केलेला करार, तो फेडण्याची रीत, वाहिलेली वस्तू, साठवलेली पुण्याई, यांपैकी काहीही आपल्याला शब्दकोशात शोधावे लागत नाही.

ही भाषा घडली कशी ते आधी थोडक्यात सांगायला हवे. रोममधले ख्रिस्ती लोक पहिली दोन-अडीच शतके ग्रीकमधून प्रार्थना करत. चौथ्या शतकात, पोप दमासुस यांच्या काळापर्यंत (३६६ ते ३८४), रोमची उपासना लॅटिनमध्ये आली. डच विदुषी क्रिस्टीन मोरमान यांनी १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या व्याख्यानांत एक गोष्ट ठासून मांडली. ही लॅटिन बाजारात बोलली जाणारी लॅटिन नव्हती. ती मुद्दाम घडवलेली, भारदस्त, दरबारी अर्जाची आणि जुन्या रोमन प्रार्थनेची ढब असलेली भाषा होती. लोकांना कळावे म्हणून लॅटिन आणली आणि ती लोकांच्या बोलण्यापासून हातभर उंच ठेवली, असा हा प्रकार. मोरमान यांच्या मांडणीवर पुढे आक्षेप आले. स्वतंत्र अशी 'ख्रिस्ती लॅटिन' नावाची बोली होती हे त्यांचे मत आज फारसे कुणी जसेच्या तसे मानत नाही. पण प्रार्थनेची भाषा रोजची नव्हती, हे निरीक्षण टिकले आहे.

या भाषेला नवे अर्थ कुठून मिळाले? काही शब्द ग्रीकमधून सरळ उचलले: बाप्तिस्मा, एक्लेसिया, अँजेलुस. काही जुने शब्द टाळले. देवळातल्या वेदीला रोमन लोक 'आरा' म्हणत, तर ख्रिस्ती लेखकांचा कल 'आल्तारे'कडे राहिला. क्वचित नवा शब्द पाडला. ग्रीक 'सोतेर' इतका मोठा आहे की तो एका लॅटिन शब्दात सांगता येत नाही, असे सिसेरोने व्हेरेसविरुद्धच्या भाषणात म्हटले होते. ख्रिस्ती लोकांनी त्यासाठी 'साल्वातोर' रूढ केला. पण सर्वांत मोठा साठा मिळाला तो जुन्याच रोमन शब्दांना नव्या कामाला लावून. शिपायाची शपथ ती 'साक्रामेन्तुम'. वक्त्याचे भाषण ते 'ओरात्सिओ'. सेनापतीने स्वतःला पाताळातल्या देवतांना वाहून शत्रूवर तुटून पडायचे, ती 'देवोत्सिओ'. लिव्हीने देकियुस मुस या सेनापतीची अशी कथा सांगितली आहे. हेच शब्द मिस्साच्या पुस्तकात आले तेव्हा पहिला झाला संस्कार, दुसरा प्रार्थना, आणि तिसरा उपवास-उपासनेतली निष्ठा.

मराठीला हा खेळ नवा नाही. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आला आणि १६१६ साली रायतूरला त्याचे क्रिस्तपुराण छापले गेले. स्वर्गासाठी त्याने 'वैकुंठ' शब्द घेतला. विष्णूचे निवासस्थान ओवीत तसेच ठेवून त्याने त्यातला मालक बदलला. रोमच्या ख्रिस्ती लेखकांनी चौथ्या-पाचव्या शतकात जे केले तेच त्याने सतराव्या शतकात केले. म्हणून आजच्या अनुवादकाने देशी धार्मिक शब्दांना हातच लावू नये, असे मी म्हणणार नाही. मूळ लॅटिननेच ते केले आहे. प्रश्न एवढाच की कोणता शब्द नव्या कामाला लागतो आणि कोणता जुन्या धन्याचेच काम करत राहतो.

हे एका प्रार्थनेवर तपासून पाहू. मिस्साच्या सुरुवातीला फादर सर्वांच्या वतीने एक छोटी प्रार्थना म्हणतात, तिला लॅटिनमध्ये 'कोल्लेक्ता' म्हणतात. ती रविवारागणिक बदलते. सामान्य काळातल्या सत्ताविसाव्या रविवारची, म्हणजे २ ते ८ ऑक्टोबरच्या दरम्यान येणारी कोल्लेक्ता जुनी आहे. १९७० पूर्वीच्या मिस्सापुस्तकात ती पेंटेकॉस्टनंतरच्या अकराव्या रविवारी येई. म्हणजे कामठीच्या छावणीतल्या आयरिश शिपायांनी आणि पुढे नागपूरच्या सदरमधल्या कॅथीड्रलमध्ये जमणाऱ्यांनी ती उन्हाळ्यानंतर, पावसाळ्यात, लॅटिनमधून ऐकली. आता ती दसऱ्याच्या आगेमागे येते. आशय असा: देवाच्या 'पिएतास'ची इतकी विपुलता आहे की तो विनवणाऱ्यांच्या 'मेरिता' आणि 'वोता' या दोन्हींपलीकडे जातो. त्याने आपली दया आमच्यावर ओतावी. मनाला ज्याची भीती वाटते ते त्याने माफ करावे, आणि प्रार्थना जे मागायला धजत नाही तेही वर द्यावे. सगळी प्रार्थना एका वाक्याची आहे, आणि त्या वाक्यात अर्थ बदललेले शब्द ओळीने बसले आहेत.

पहिला शब्द 'पिएतास'. अभिजात लॅटिनमध्ये हा कर्तव्याचा शब्द आहे. मुलाने बापाशी, नागरिकाने देशाशी, माणसाने देवाशी जसे वागायला हवे तसे वागणे म्हणजे पिएतास. व्हर्जिलचा ईनियस म्हाताऱ्या बापाला खांद्यावर घेऊन जळत्या ट्रॉयमधून निघतो म्हणून तो 'पिउस'. कोश उघडला तर पहिला अर्थ मिळतो धर्मनिष्ठा, भक्ती. तो इथे लावला तर 'देवाच्या भक्तीची विपुलता' असे होईल, आणि मराठी ऐकणारा ते आपसूक 'आपण देवाची करतो ती भक्ती' असे समजेल. व्याकरण बरोबर, अर्थ लागतो, वाक्य पवित्रही वाटते. फक्त कर्ता उलटा झाला. आमची भक्ती इतकी विपुल आहे की ती आमच्या पात्रतेपलीकडे जाते, अशी फुशारकी त्या प्रार्थनेच्या तोंडी येते, आणि मूळ तर नेमके तिच्या विरुद्ध आहे.

ओळखायची खूण सोपी आहे. पिएतास कुणाची आहे ते पाहायचे. माणसाची असेल तर निष्ठा, देवाची असेल तर माया. हा अर्थ आकाशातून पडलेला नाही. कर्तव्य दोन्ही बाजूंनी असते, बापालाही मुलाशी पिएतास असते, आणि त्या बाजूने शब्द हळूहळू करुणेकडे सरकला. इंग्रजीतले 'पायटी' आणि 'पिटी' हे दोन्ही शब्द याच एका शब्दातून निघाले. एकाने वर पाहायचे ठरवले, दुसऱ्याने खाली.

मग मराठीत काय म्हणावे? 'दया' म्हटले तर पुढच्याच तुकड्यात 'मिसेरिकॉर्दिया' आहे, तिलाही दयाच लागते. 'कृपा' म्हटले तर 'ग्रात्सिया' उघडी पडते. ही मराठी ख्रिस्ती प्रार्थनेची जुनी अडचण आहे. रोमन प्रार्थनेत देवाच्या चांगुलपणाला सहा-सात शब्द आहेत आणि आपण ते सगळे दया आणि कृपा या दोन खुंट्यांवर टांगतो. ऐकणाऱ्याला वाटते फादर तेच तेच म्हणत आहेत. मला इथे 'वात्सल्य' योग्य वाटतो. त्यात आई-बापाची बाजू आहे, म्हणजे पिएतासच्या जुन्या घराचा उंबरठा आहे, आणि तो शब्द वरून खालीच वाहतो. देवाचे वात्सल्य म्हटल्यावर ते आपण देवावर करतो असा घोटाळा या प्रार्थनेत कुणी करणार नाही. मग मिसेरिकॉर्दियासाठी 'करुणा' मोकळी राहते. नागपुरात करुणा म्हटले की बुद्धाची आठवण होते, आणि दीक्षाभूमीच्या गावात ती व्हायचीच. त्याने प्रार्थनेचे काही बिघडत नाही.

आता 'वोता'. इथे खरा मोह आहे. अभिजात 'वोतुम' म्हणजे नवस, अगदी तंतोतंत. सेनापती म्हणे, ही लढाई जिंकून दे, तुला देऊळ बांधीन. लढाई जिंकली की तो नवसाने बांधलेला. फेडला की मोकळा. रोमन साम्राज्यभर सापडणाऱ्या शिलालेखांच्या शेवटी चार अक्षरे कोरलेली असतात, आणि त्यांचा उलगडा असा होतो: वोतुम सोल्वित लिबेन्स मेरितो. नवस फेडला, आनंदाने, देवाचा हक्कच होता म्हणून. टेकडी गणपतीला किंवा कोराडीच्या जगदंबेला नवस फेडून आलेल्या माणसाला हे वाक्य समजवावे लागणार नाही. मराठीइतका नेमका प्रतिशब्द युरोपातल्या भाषांनाही आज सहज सापडत नाही, कारण तिथे तो व्यवहार रोजच्या जगण्यातून बराच उठला.

म्हणून 'देव विनवणाऱ्यांच्या नवसांपलीकडे जातो' असा अनुवाद किती गोड वाटतो! पण पाचव्या शतकातल्या रोमन प्रार्थनेत वोतुम म्हणजे बहुधा नुसती इच्छा, आस, मागणे. अट त्यातून गळून पडली आहे. 'तू हे दिलेस तर मी ते देईन' असे कोल्लेक्ता कधी म्हणत नाही. तिची चौकट वेगळी आहे: तू असा आहेस, म्हणून हे दे. नवस घातला की ही चौकट मोडते आणि देवाणघेवाण मागच्या दाराने आत येते.

यावर आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. मराठी कॅथलिक नवस करतात. वांद्र्याच्या माउंट मेरीला सप्टेंबरच्या जत्रेत मेणाचे हात, पाय, घरे वाहिली जातात. वेलंकणीला नागपूरहूनही माणसे जातात. मग नवस हा शब्द परका कसा? परका नाहीच. तो इतका ओळखीचा आहे म्हणूनच तो इथे चालत नाही. ऐकणाऱ्याला त्याचा अर्थ चांगला ठाऊक आहे आणि तो अर्थ या प्रार्थनेत नाही. शिवाय रोमन कॅननमध्ये, म्हणजे मिस्साच्या मध्यवर्ती जुन्या प्रार्थनेत, 'वोता' परत करण्याचा प्रयोग आहे. तो स्तोत्रसंहितेतून आला आहे आणि शब्दशः 'नवस फेडणे'च होतो. तिथे बायबलच्या अनुवादकाने नवस ठेवला तर मी हरकत घेणार नाही. एकच लॅटिन शब्द एका ठिकाणी नवस आणि दुसऱ्या ठिकाणी मागणे, असे झाले तर होऊ द्यावे.

पण कोल्लेक्तेत मेरिता आणि वोता शेजारी बसले आहेत, याने मला बराच वेळ अडवले. शिलालेखातल्या त्या चार अक्षरांतही दोन्ही आहेत. प्रार्थना लिहिणाऱ्या रोमन माणसाच्या कानात तो जुना हिशेबी सूर असेल काय? माझा तर्क असा की अर्थ म्हणून नाही, पण पडसाद म्हणून असू शकेल. ज्या शहराच्या भिंतींवर फेडलेले नवस कोरलेले होते, त्या शहरात देव 'मेरिता' आणि 'वोता' यांच्या पलीकडे जातो असे म्हणणे म्हणजे तो सगळा हिशेब ओलांडणे. हे सिद्ध करता येत नाही आणि अनुवादात बसवायचा हट्टही धरू नये. पण 'मेरिता'चा मराठी शब्द निवडताना ते लक्षात ठेवायला हरकत नाही.

'मेरितुम' मुळात तटस्थ शब्द आहे. जे कमावले ते, चांगले किंवा वाईट. शिपाई पगार कमावतो त्यालाही 'मेरेरे' हेच क्रियापद. मराठीत यासाठी सोयीचा शब्द 'पुण्य', आणि त्यावर ख्रिस्ती अनुवादकांचा जुना वहीम आहे. पुण्याबरोबर साठा येतो, साठ्याबरोबर मागचा जन्म येतो, 'पूर्वजन्मीची पुण्याई' तर म्हणीसारखी तोंडात बसली आहे. नागपूरच्या बौद्ध घरांत पुण्याला आणखी एक पाली छटा आहे. एवढे ओझे घेऊन हा शब्द ख्रिस्ती प्रार्थनेत कसा यावा?

मी म्हणतो, या एका प्रार्थनेत यावा. 'विनवणाऱ्यांची पुण्याई आणि त्यांचे मागणे यांच्याही पलीकडे' असे म्हटले की ऐकणाऱ्याच्या मनात पुण्याईचा पूर्ण हिशेब उभा राहतो आणि त्याच दमात तो अपुरा ठरतो. इथे शब्दाचे ओझे अनुवादाच्या कामी येते. 'गुण' किंवा 'पात्रता' म्हटले तर शाळेच्या निकालाचा वास येतो आणि ओलांडायला समोर काही उरत नाही.

मात्र याच कुळातल्या क्रियापदाशी पुण्य जोडले तर अनर्थ होईल. रोमन प्रार्थनांच्या शेवटी 'मेरेआमुर' वारंवार येते. शब्दशः 'आम्ही कमवावे, पात्र ठरावे'. पण प्रार्थनेच्या लॅटिनमध्ये, विशेषतः पुढे दुसरे क्रियापद आले की, हे 'कमावणे' पार झिजलेले असते आणि 'मिळावे, लाभावे' एवढेच उरते. देवाने द्यावे म्हणून मागायचे आणि त्याच वाक्यात आम्ही ते कमवावे म्हणायचे, हा विरोध लॅटिन कानाला जाणवत नव्हता. इंग्रजीच्या २०११ च्या मिस्सापुस्तकाने दुसऱ्या मुख्य प्रार्थनेत 'मेरिट' क्रियापद तसेच ठेवले आणि त्यावर पुष्कळ कुरकुर झाली, कारण स्वर्ग आपण कमावतो असे ते ऐकू येते. मराठीला हा त्रास घ्यायचे कारण नाही. आपल्याकडे 'लाभणे' आहे. दर्शन लाभते, सहवास लाभतो. त्यात घेणारा आहे, पण कमावणारा नाही. लॅटिनने शतकानुशतके झिजवून जो अर्थ मिळवला तो या क्रियापदात आयता आहे.

अनुवादाच्या धोरणाची गोष्ट इथेच सांगून टाकतो. डिसेंबर १९६३ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन धर्मसभेने उपासनेत लोकभाषांना वाट करून दिली. १९६९ च्या मार्गदर्शक टिपणाने आशय पोचवण्यावर भर दिला. त्याच वृत्तीने झालेल्या १९७३ च्या इंग्रजी मिस्सापुस्तकात आपली ही कोल्लेक्ता पाहिली तर थक्क व्हायला होते. पात्रता गेली, मनाची भीती गेली, प्रार्थनेचा संकोचही गेला. उरली ती कुठल्याही रविवारी चालेल अशी क्षमा आणि शांतीची मागणी. मग २००१ साली रोमने उलट टोक गाठले. नव्या सूचनेने मूळ लॅटिन अत्यंत काटेकोरपणे, काही न गाळता, काही न घालता आणावी असे सांगितले. २०१७ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी अनुवाद तयार करून मंजूर करण्याची जबाबदारी पुन्हा त्या त्या देशाच्या बिशपांच्या परिषदेकडे सोपवली. रोमकडे पुष्टी देण्याचे काम राहिले.

या सगळ्या वादात मूळ गृहीत युरोपचे आहे. इंग्रजीत, फ्रेंचमध्ये, इटालियनमध्ये लॅटिनचेच शब्द वंशपरंपरेने आलेले आहेत. 'मेरिट', 'डिव्होशन', 'सॅक्रामेंट' हे त्यांच्या भाषेत चर्चच्या अर्थासकटच आले. शब्दशः राहिले तर त्यांचा अनुवाद फार तर ताठर होतो. मराठी अनुवादक शब्दशः राहिला तर तो चर्चच्या लॅटिनपर्यंत पोचतच नाही. तो तिच्याही मागे, रोमच्या देवळात जाऊन उभा राहतो. म्हणून 'काटेकोर' म्हणजे काय, याचे उत्तर मराठीपुरते वेगळे आहे. काटेकोरपणा शब्दाशी नव्हे, त्या शब्दाचा प्रार्थनापुस्तकात जो वापर आहे त्याच्याशी हवा. साधनांचाही भाग आहेच. आपल्याकडे हाताशी असतो तो लुइस आणि शॉर्ट यांचा १८७९ चा जाडजूड कोश. त्यात ख्रिस्ती अर्थ आहेत, पण बहुधा नोंदीच्या तळाशी. आल्बेर ब्लेझ यांचा ख्रिस्ती लेखकांच्या लॅटिनचा १९५४ चा कोश नेमका याच कामाचा आहे, पण तो फ्रेंचमध्ये.

'साक्रामेन्तुम'बद्दल एक आडवळण घेतो, कारण ते नागपूरचे आहे. मराठी कॅथलिक बोलण्यात 'संस्कार' हा शब्द रुळला आहे आणि तो चांगला आहे. त्यात विधी आहे आणि विधीने माणसात होणारा बदलही आहे. पण त्यात शपथ नाही. इ. स. ११२ च्या सुमारास धाकट्या प्लिनीने सम्राट त्राजानला लिहिले की हे ख्रिस्ती लोक पहाटे जमतात आणि 'साक्रामेन्तो', म्हणजे शपथेने, चोरी, व्यभिचार, विश्वासघात न करण्याचे स्वतःवर बंधन घालतात. पुढे तेर्तुलियनने बाप्तिस्मा आणि शिपायाची शपथ यांची सांगड घातली. धर्मात शिरणे म्हणजे सर्वांसमक्ष प्रतिज्ञा घेणे, हे युरोपातल्या आजच्या वाचकाला पुस्तकातून समजून घ्यावे लागते. १४ ऑक्टोबर १९५६ ला बावीस प्रतिज्ञा ऐकलेल्या शहराला ते समजवावे लागत नाही. म्हणून 'संस्कार' बदलून 'प्रतिज्ञा' करा, असे मी म्हणत नाही, तो जुना अर्थच पुन्हा उकरणे होईल. पण बाप्तिस्म्याच्या विधीत सैतानाचा त्याग आणि श्रद्धेची कबुली विचारली जाते, तिथली मराठी गुळमुळीत न करता प्रतिज्ञेच्या सुरात ठेवायला हवी.

कोल्लेक्तेचा शेवटचा भाग उरला. 'कॉन्शियेन्त्सिया' मुळात दुसऱ्याबरोबर जाणणे, एखाद्या गुपितात सामील असणे, मग अपराधाची आतली जाणीव. मराठीत त्याला 'सदसद्विवेकबुद्धी' हा शब्द आहे. तो निबंधात शोभतो. दीडशे माणसांसमोर मोठ्याने वाचायच्या प्रार्थनेत तो जिभेला अडतो, आणि शिवाय बुद्धी भीत नाही. भिते ते मन. इथे शब्दाची उंची थोडी खाली आणावी लागते, 'जे आठवून मन धास्तावते ते माफ कर' इथपर्यंत. रोमन भारदस्तपणा यात काहीसा जातो. पण विवेकबुद्धीला धास्तावायला लावण्यापेक्षा हा तोटा मला परवडतो.

आणि 'ओरात्सिओ नॉन प्रेसूमित'. अभिजात अर्थ लावला तर 'भाषण आधीच उचलत नाही' असे काहीतरी होते. निरर्थक, म्हणून निरुपद्रवी. ओरात्सिओ आता प्रार्थना आहे, आणि 'प्रेसूमेरे' म्हणजे धजणे. 'जे प्रार्थना मागायला धजत नाही तेही दे' हे मराठीत सहज येते. तरी मसुद्यांत हात शिवशिवतो तो 'आम्ही मागायला धजत नाही' असे सोपे करण्याकडे. करू नये. लॅटिनमध्ये कर्ता प्रार्थनाच आहे, आणि ओरात्सिओ हे या छोट्या प्रार्थनाप्रकाराचे नावही आहे. म्हणजे फादर हात पसरून जी म्हणत आहेत ती प्रार्थना स्वतःबद्दलच सांगते आहे की मी पुरी पडत नाही. 'आम्ही' घातला की ते आपल्या लाजरेपणाचे वर्णन होते. मराठीत 'प्रार्थना' या शब्दाला दोन्ही कामे झेपतात, अर्थ मागे ओढणारे दुसरे काही त्याला चिकटलेले नाही. या वाक्यातला तो एक शब्द आहे जो कोशातून सरळ उचलून ठेवला तरी चालतो.